खारं पाणी, शिसं आणि खोटं ‘पास’: स्टँडर्ड अ‍ॅडिशन म्हणजे काय?

किनाऱ्याजवळच्या एका बोअरवेलचं पाणी आहे, चवीला जरा खारट. त्यात शिसं किती आहे ते बघायचंय. भारतात पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. लॅबच्या मशीनने आकडा दिला ९.०. म्हणजे पास. पण त्याच पाण्यात, त्याच मशीनवर, फक्त मोजायची पद्धत बदलली तर उत्तर येतं १५.२. म्हणजे सरळ नापास. (हे आकडे गणित सोपं राहावं म्हणून मी घेतलेत, पण असा फरक खरोखर पडतो.)

मी केमिस्ट नाही, कोड लिहितो. पाणी तपासणाऱ्या लॅबमधल्या एका मैत्रिणीला हे गणित करणारी छोटी स्क्रिप्ट हवी होती, त्या निमित्ताने मी यात शिरलो. आणि ही पद्धत मला इतकी आवडली की म्हटलं, लिहूनच टाकू.

आधी मशीन काय करतं ते बघू. त्याला ग्रॅफाइट फर्नेस म्हणतात. ग्रॅफाइटच्या छोट्या नळीत पाण्याचा जेमतेम २० मायक्रोलिटरचा थेंब टाकतात. नळी टप्प्याटप्प्याने तापते: आधी पाणी उडतं, मग काही शे अंशांवर कचरा जळतो, आणि शेवटी दीड-दोन हजार अंशांच्या आसपास शिशाचे सुटे अणू हवेत येतात. त्यांच्यातून २८३.३ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात. अणू जेवढे जास्त, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो. या शोषणाच्या आकड्याला अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणतात.

पण अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे शिसं नव्हे. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला नेहमीची पद्धत अशी: शुद्ध पाण्यात शिशाचं माहीत असलेलं प्रमाण घालायचं, मशीनवर मोजायचं आणि आलेख काढायचा. समजा शुद्ध पाण्यात दर १ मायक्रोग्रॅमला अ‍ॅब्सॉर्बन्स ०.००५० ने वाढतो. मग नमुन्याच्या आकड्याला ०.००५० ने भागलं की झालं.

गोची इथेच आहे. बोअरवेलचं पाणी शुद्ध पाण्यासारखं वागत नाही. त्यातलं क्लोराइड शिशाला पकडून लेड क्लोराइड बनवतं, आणि ते लवकर उडून जातं. कचरा जाळायच्या टप्प्यातच थोडं शिसं नळीतून पसार होतं, प्रकाश पडायच्या आधीच. शिसं नमुन्यात होतं, मशीनला ते दिसलंच नाही. नमुन्यात मोजायच्या धातूशिवाय जे जे काही असतं त्याला मॅट्रिक्स म्हणतात, आणि त्याने केलेल्या या घोळाला मॅट्रिक्स इंटरफिअरन्स.

मग खारट पाण्यातच आलेख काढू की! कल्पना बरोबर आहे, पण प्रत्येक बोअरवेलचा खारटपणा वेगळा. नेमकं तसंच, पण शिसं नसलेलं पाणी आणणार कुठून?

भाजीवाल्याचा काटा

समजा भाजीवाल्याचा काटा कमी दाखवतो अशी तुम्हाला शंका आहे. गवार ठेवली, काटा म्हणतो ५४० ग्रॅम. गवार तशीच ठेवून तुम्ही वर खात्रीचं १ किलोचं वजन ठेवलं, आणि आकडा फक्त ६०० ग्रॅमने वाढला. म्हणजे हा काटा खऱ्याच्या ६० टक्केच दाखवतो. मग गवार ५४० भागिले ०.६, म्हणजे ९०० ग्रॅम. काटा दुरुस्त न करता खरं वजन मिळालं.

स्टँडर्ड अ‍ॅडिशन म्हणजे हेच. नमुन्यातच माहीत असलेलं शिसं घालायचं. नव्याने घातलेलं शिसंही त्याच क्लोराइडच्या तावडीत सापडतं आणि त्याच प्रमाणात हरवतं. त्यामुळे मशीन या पाण्यात किती ‘कमी दाखवतं’ ते नमुना स्वतःच सांगतो.

प्रत्यक्षात २५ मिलिलिटरचे चार फ्लास्क घेतात. प्रत्येकात नमुन्याचं २० मिलिलिटर पाणी आणि सारखंच नायट्रिक अ‍ॅसिड. मग लिटरला १००० मायक्रोग्रॅम शिसं असलेलं द्रावण अनुक्रमे ०, ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिलिलिटर घालून खुणेपर्यंत शुद्ध पाणी. म्हणजे घातलेलं शिसं झालं लिटरला ०, १०, २० आणि ३० मायक्रोग्रॅम. खारटपणा मात्र चारही फ्लास्कमध्ये अगदी सारखा, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

अ‍ॅब्सॉर्बन्स आले ०.०३६, ०.०६७, ०.०९५ आणि ०.१२६. यातून सरळ रेषा काढायची:

```python
import numpy as np
added = [0, 10, 20, 30]
signal = [0.036, 0.067, 0.095, 0.126]
m, c = np.polyfit(added, signal, 1)
print(c / m * 25 / 20)   # 15.2
```

रेषेचा चढ `m` आला ०.००२९८. शुद्ध पाण्यात तो ०.००५० होता, म्हणजे हे पाणी साधारण ४० टक्के सिग्नल गिळतंय. रेषा मागे डावीकडे वाढवली की ती उणे १२.२ वर शून्याला टेकते. तेवढं शिसं फ्लास्कमध्ये आधीपासून होतं. २० चे २५ मिलिलिटर केले होते, म्हणून २५/२० ने गुणून मूळ पाण्यात १५.२. आणि नेहमीच्या पद्धतीने? ०.०३६ भागिले ०.००५०, गुणिले २५/२०: बरोबर ९.०.

मात्र इथे आपण रेषा मोजलेल्या भागाच्या बाहेर ओढतोय, त्यामुळे ती खरंच सरळ असायला हवी. जास्त शिसं घातलं तर वरच्या टोकाला आलेख वाकतो, चढ कमी दिसतो आणि उत्तर फुगतं. फारच कमी घातलं तर मशीनच्या थरथरीत वाढ हरवते. म्हणून नमुन्यात अंदाजे जेवढं असेल, त्याच्या एकपट ते तिप्पट घालणं बरं.

पासंग मात्र पकडता येत नाही

आता काट्याचीच दुसरी लबाडी बघा. ताटलीखाली कोणी १०० ग्रॅमचा दगड चिकटवला, तर वर १ किलो ठेवल्यावर आकडा बरोबर १ किलोनेच वाढेल. तुमची परीक्षा काटा पास होणार, आणि तरी प्रत्येक वेळी १०० ग्रॅम जास्तच दाखवणार.

फर्नेसमध्ये हा दगड म्हणजे मिठाचा धूर. तोही प्रकाश अडवतो, शिसं असो वा नसो. चारही आकडे त्याने ०.०१० ने वर गेले तर चढ तोच राहील, रेषा तितकीच सुंदर दिसेल, आणि उत्तर येईल १९.४. रेषेकडे बघून हे कळणारच नाही. त्यासाठी मशीनमधलं बॅकग्राउंड करेक्शन चालू असावं लागतं. ते धुराचं शोषण वेगळं मोजून वजा करतं. अ‍ॅसिडमधूनच थोडं शिसं आलं असेल तर तेही असंच मिसळतं, म्हणून नमुन्याशिवायचा कोरा फ्लास्क मोजून तेवढं वजा करायचं.

आणि प्रत्येक नमुन्याला चार फ्लास्क म्हणजे ४० नमुन्यांना १६० मोजण्या. एवढा वेळ कोणाकडे नसतो. म्हणून आधी एकाच फ्लास्कमध्ये १० मायक्रोग्रॅम घालून बघतात. शुद्ध पाण्याच्या आलेखाने वाढ १० च्या जवळ आली, साधारण ८५ ते ११५ टक्के, तर नेहमीची पद्धत चालते. आपल्या बोअरवेलमध्ये वाढ ०.०३१ होती, म्हणजे १० घातले आणि परत दिसले ६.२. असं दिसलं की उरलेले फ्लास्क बाहेर काढायचे.