परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट पुढच्या बिलात कशी वळती करायची, आणि ग्राहकाला ईमेल काय लिहायचा



आपले काही सभासद आणि गट हळद पावडर पॅक करून थेट दुकानदारांना देतात. थोडा माल परत आला की बरेच जण फोनवर सांगतात, "पुढच्या बिलात कमी करून टाकतो." आणि खरंच पुढच्या बिलात तेवढे किलो कमी लावतात. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी असं करू नये. *पुढचं बिल पूर्ण मालाचंच करायचं. परत आलेल्या मालाची वेगळी क्रेडिट नोट करायची. वजावट फक्त पैसे घेताना करायची.*

कारण साधं आहे. १५० किलो माल पाठवून १२० किलोचं बिल केलं, तर माल आणि कागद जुळत नाही. शिवाय जुन्या बिलावर भरलेला जीएसटी तसाच राहतो. तो कमी होतो तो माल विकणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, केलेल्या क्रेडिट नोटनेच. दुकानदाराने त्याच्या बाजूने डेबिट नोट पाठवली तरी तेवढ्याने तुमचा कर कमी होत नाही.

*एक हिशेब पाहू*

६ ऑगस्टला बिल नं. ४१ ने २०० किलो हळद पावडर १८० रुपये दराने दिली. ३६,००० रुपये आणि ५ टक्के जीएसटी १,८०० मिळून ३७,८०० रुपये झाले. दुकानदाराने सगळे पैसे भरले. नंतर पाकिटांचं सील सुटल्याची तक्रार आली. त्याने ३२ किलो परत पाठवल्याचं कळवलं, पण आपल्या काट्यावर ३० किलो भरले. क्रेडिट नोट आपल्याकडे पोचलेल्या वजनाची होते, म्हणून फरक आधी फोनवर बोलून मिटवला.

३० किलो जुन्याच दराने ५,४०० रुपये, त्यावर जीएसटी २७०, मिळून ५,६७० रुपयांची क्रेडिट नोट झाली. आता भाव १९० झाला असला तरी परत मालाला १८०च लागतो, कारण विकला त्या दराने. नवीन ऑर्डर १५० किलोची, १९० ने २८,५०० आणि जीएसटी १,४२५ मिळून २९,९२५ रुपये. त्यातून ५,६७० वजा जाता दुकानदाराने द्यायचे *२४,२५५ रुपये*.

*ईमेल असा लिहा*

विषय: क्रेडिट नोट नं. ३ आणि बिल नं. ४७ चा हिशेब

नमस्कार साहेब,
बिल नं. ४१ (६ ऑगस्ट) मधील ३० किलो हळद पावडर आमच्याकडे परत पोचली. वजनाबाबत आपलं बोलणं झालंच आहे. तिची ५,६७० रुपयांची (जीएसटीसह) क्रेडिट नोट नं. ३ सोबत जोडली आहे.
नवीन १५० किलोचं बिल नं. ४७ पूर्ण २९,९२५ रुपयांचं आहे. क्रेडिट नोट वळती करून आपण २४,२५५ रुपये पाठवावेत. यानंतर क्रेडिट नोटची शिल्लक राहत नाही.
बिल नं. ४१ वर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असल्यास त्यातले २७० रुपये कमी करावेत.
रक्कम आपल्या वहीशी जुळते का ते कळवावं.

शेवटची ओळ गाळू नका. काही वेळा दुकानदाराचा मुनीम आधीच स्वतःहून परत मालाचे पैसे कापतो आणि क्रेडिट नोट आली की पुन्हा कापतो. पैसे २४,२५५ ऐवजी १८,५८५ आले, म्हणजे ५,६७० दोनदा गेले. अशा वेळी त्यांच्याकडून तुमच्या नावाचा खातेउतारा मागवा. त्यात एकाच परत मालाच्या दोन नोंदी लगेच दिसतात.

*आणखी तीन गोष्टी*

जुनं बिल अजून येणं असेल, तर क्रेडिट नोट आधी त्याच बिलाला लावा, पुढच्याला नाही.

क्रेडिट नोट पुढच्या बिलापेक्षा मोठी असेल, तर उरलेली रक्कम किती आणि ती कोणत्या बिलात जाईल, हे ईमेलमध्ये लिहा.

क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख टाका, आणि ती त्याच महिन्यात तुमच्या कर सल्लागाराला द्या. माल विकला ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती रिटर्नमध्ये दाखवता येते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं, तर मुदत तिथेच संपते.

ज्यांची जीएसटी नोंदणी नाही, त्यांनी कराचे आकडे सोडून हाच हिशेब लिहावा. ईमेल पाठवण्याआधी आकडे तपासून हवे असतील, तर दोन्ही बिलं आणि क्रेडिट नोटचा फोटो कंपनीच्या ऑफिस नंबरवर पाठवा.