त्या दिवशी पानावर काय होतं?

सकाळी १०. पनवेलमधल्या आमच्या कॉलेजचं ग्रंथालय उघडतं तेव्हा भूगोलाची एम. ए.ची विद्यार्थिनी प्रबंध घेऊन दारातच उभी असते. "मॅडम, सर म्हणतात माझा आकडा चुकलाय." तिने पनवेलची २०११ची लोकसंख्या १,८०,०२० लिहिली आहे आणि तळटीपेत विकिपीडियाचं पान दिलं आहे. सरांनी पान उघडलं तर तिथे ५,०९,९०१. सुदैवाने तिने पान पाहिल्याची तारीख वहीत टिपून ठेवली आहे: ३ मार्च २०२५.

दोन्ही आकडे २०११च्या जनगणनेतलेच आहेत. पहिला तेव्हाच्या नगरपरिषदेच्या हद्दीचा. १ ऑक्टोबर २०१६ला महानगरपालिका झाली, खारघर, कामोठे, कळंबोली आणि आजूबाजूची गावं आत आली. दुसरा आकडा या मोठ्या हद्दीचा. जनगणना तीच, हद्द वेगळी. त्यामुळे जुना आकडा खोडून नवा लिहिला तर तिचं घनतेचं सगळं गणित बिघडेल, कारण क्षेत्रफळ तिने जुन्या हद्दीचं घेतलं आहे.

११. पानाच्या वरच्या 'इतिहास पहा'वर जायचं. तिथे प्रत्येक बदल तारीख-वेळेसह ओळीने लागलेला असतो. ३ मार्चला बदल झालेला नसला तरी अडत नाही. त्या दिवसाच्या आधी झालेला शेवटचा बदल, तीच तिने वाचलेली आवृत्ती. जवळची म्हणून नंतरची तारीख उचलायची नाही. त्या तारखेवर टिचकी मारली की जुनी आवृत्ती उघडते आणि पत्त्यात `oldid=` येऊन पुढे त्या आवृत्तीचा क्रमांक दिसतो. तळटीपेत हाच पत्ता द्यायचा.

मात्र एक गोष्ट जाणकारही विसरतात. जुन्या आवृत्तीत मजकूर जुना दिसतो, पण साचे आणि चित्रं आजचीच दिसतात. माहितीचौकटीतला आकडा साच्यातून किंवा विकिडेटावरून येत असेल, तर जुनं पान उघडूनही नवाच आकडा दिसू शकतो. म्हणून आम्ही आकडा कुठे आहे ते आधी बघतो. इथे तो परिच्छेदातच लिहिलेला आहे, १,८०,०२०.

दुपारी १२.३०. दुसरी तळटीप अवघड आहे. नवी मुंबई विमानतळ कधी सुरू होणार, हे सांगणारं एका कार्यालयाचं पान. भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ला झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला. मधल्या काळात वेळापत्रक कसं सरकत गेलं हाच तिच्या प्रकरणाचा विषय, आणि पानावर आता उद्घाटनाची बातमी आहे. या पानाला इतिहासाची सोयच नाही.

मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकायचा. जतन केलेल्या प्रतीचा पत्ता असा असतो:

```
https://web.archive.org/web/20250302201500/...
```

हे चौदा अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वरच्या नमुन्यात २ मार्चची रात्र दिसते, पण पनवेलमध्ये तेव्हा ३ मार्चचे पहाटेचे पावणेदोन झालेले असतात. आणखी एक पाहायचं. मागितलेल्या वेळेची प्रत नसेल तर यंत्र जवळच्या दुसऱ्या प्रतीवर नेऊन सोडतं. म्हणून पान उघडल्यावर पत्त्यातले अंक पुन्हा वाचायचे.

तिच्या तारखेची प्रत नाही. एक फेब्रुवारीतली आहे, एक एप्रिलमधली, आणि दोन्हींत तीच मुदत आहे. तेव्हा ३ मार्चलाही तीच असणार, असं धरायला हरकत नाही. दोन प्रतींत फरक असता, तर 'या दोन तारखांच्या दरम्यान बदल झाला' एवढंच लिहिता आलं असतं.

३. तळटीप लिहायला बसतो. एपीए पद्धतीत जतन केलेली प्रत दिली तर पाहिल्याची तारीख लागत नाही. सतत बदलणाऱ्या पानाची अशी प्रत नसेल तरच ती द्यायची. मी तरी दोन्ही लिहायला सांगते, कारण आज तिच्या तारखेमुळेच आम्हाला आवृत्ती सापडली. लोकसंख्येसाठी मात्र मी तिला थेट जनगणनेचा तक्ता द्यायला लावते, आणि आकड्यापुढे 'नगरपरिषद हद्द' असे शब्द. पान काय म्हणत होतं हा मुद्दा असेल तेव्हाच जुनी आवृत्ती हवी. विमानतळाच्या प्रकरणात तोच मुद्दा आहे.

४.३०. उरलेल्या तळटीपांतली पानं `web.archive.org/save` इथे एकेक करून जतन करतो. एक पान जतन होतच नाही, तक्त्याची जागा कोरी राहते. त्याचं पीडीएफ काढून परिशिष्टात जोडतो आणि शेजारी तारीख-वेळ लिहितो.

प्रबंध तपासणाऱ्या सरांना एकच विनंती: आकडा जुळला नाही तर तळटीपेतली तारीख आधी पाहा, चुकीची खूण नंतर करा.