शेततळ्याचे पाणी मुरते कुठे, अडवायचे कसे?

सप्टेंबरमध्ये काठोकाठ भरलेले शेततळे फेब्रुवारीत कोरडे पडते, तेव्हा दोष बहुतेक वेळा उन्हाला दिला जातो. बाष्पीभवन होते हे खरे, पण हिवाळ्यात उघड्या पाण्याची दिवसाकाठची वाफ साधारण चार-पाच मिलिमीटर असते. उन्हाळ्यात ती दुपटीवर जाते. तरीही डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत उन्हाने नेलेले पाणी सव्वा मीटर उंचीच्या आसपास भरते. तीन मीटर खोल तळे तेवढ्याने रिकामे होत नाही. उरलेले पाणी तळातून आणि बाजूंमधून जमिनीत झिरपलेले असते.

महाराष्ट्रात याचे मुख्य कारण जमिनीच्या थरांमध्ये आहे. दख्खनच्या पठारावर वर काळी किंवा मध्यम काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक अशी मांडणी सर्रास आढळते. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सहसा सोडत नाही. पण अनेक ठिकाणी तिचा थर मीटरभरसुद्धा नसतो. तीन मीटरचा खड्डा घेतला की पोकलेनचे बकेट तो थर ओलांडून मुरमात शिरते. त्यामुळे शेत काळे असले तरी तळ्याचा तळ मुरमाचा होतो आणि पाणी तिथूनच निघून जाते.

झिरपा किती आहे, हे मोजता येते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. पाऊस नाही, पंप बंद आहे, तळ्यात बाहेरून पाणी येत नाही, असे लागोपाठ चार-पाच दिवस निवडावेत. तळ्यात एक लोखंडी गज घट्ट रोवून पाण्याच्या पातळीशी खूण करावी. शेजारी उथळ पाण्यात एक बादली ठेवावी. ती कलंडू नये म्हणून तिच्या तळाशी दगड घालावेत आणि आतले पाणी बाहेरच्या पातळीइतके भरावे. बादली तळ्यातच उभी असल्याने आतले आणि बाहेरचे पाणी जवळपास सारखेच तापते. बादलीतली पातळी फक्त वाफेने उतरते, तर गजावरची पातळी वाफ आणि झिरपा या दोन्हींनी. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे झिरपा.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक, असे तळे राज्यात नेहमी दिसते. त्याची क्षमता २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर. समजा, डिसेंबरात त्यात अडीच मीटर पाणी आहे. गजावर रोज ३० मिलिमीटर घट दिसते आणि बादलीत ४. म्हणजे झिरपा २६ मिलिमीटर. त्या पातळीला पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ८४० चौरस मीटर असतो. गुणाकार केला की दिवसाला जवळपास बावीस हजार लिटर पाणी जमिनीत जाते. तळ्यातले पाणी कमी होईल तसा त्याचा दाबही कमी होतो आणि झिरपा थोडा मंदावतो. पण सुरुवातीचा वेग टिकला, तर हे तळे तीन महिन्यांच्या आत तळ गाठेल. हाच झिरपा दोन-तीन मिलिमीटर निघाला, तर अस्तराच्या खर्चाचा पुन्हा विचार करावा, कारण त्या तळ्यात वाफेचा वाटा झिरप्यापेक्षा मोठा आहे.

आणखी एक प्रश्न खर्चाआधीच सोडवावा लागतो. ओढ्याकाठच्या किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्यातून मुरलेले पाणी विहिरीत उतरत असेल, तर ते वाया गेले असे म्हणता येत नाही. त्या तळ्याला अस्तर लावले की विहिरीची भर थांबते. साठवण हवी की पुनर्भरण, हे ठरवल्याशिवाय अस्तराला हात घालू नये.

साठवणच हवी असेल, तर पहिला पर्याय दाबून बसवलेल्या चिकणमातीचा. मातीच्या धरणाच्या भरावात मधला गाभा काळ्या मातीचा का भरतात, याचे उत्तर याच गुणात आहे. शिवाय ही माती बहुधा त्याच शेतात मिळते. म्हणून खोदाई सुरू होतानाच वरची चांगली माती बाजूला रचून ठेवायला जेसीबीवाल्याला सांगावे. एकदा ती मुरमात मिसळून बांधावर गेली की परत मिळत नाही.

माती योग्य आहे का, हे हातावरच कळते. मूठभर ओली माती मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची फीत काढावी. दोन इंच लांबीपर्यंत फीत तुटली नाही, तर चिकणमातीचा अंश भरपूर आहे. लगेच तुटली, तर माती पोयट्याची किंवा रेताड आहे. अशा मातीत बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी विशिष्ट चिकणमाती, मिसळतात. जमिनीच्या प्रकारानुसार ते चौरस मीटरला साधारण पाच ते पंधरा किलो लागते.

तीन मीटरपर्यंत पाणी असेल, तर दाबल्यानंतरची जाडी किमान तीस सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, भरली पाहिजे. ती एकाच वेळी अंथरून चालत नाही. आधी तळ आणि बाजू खरवडायच्या, म्हणजे नवा थर जुन्या जमिनीला धरतो. मग सुमारे वीस सेंटिमीटर सैल माती पसरायची, पाणी मारायचे आणि दाबायची. ओल किती असावी, हे मूठ वळून पाहावे. गोळा टिकला आणि हाताला चिखल लागला नाही, तर ओल बरोबर आहे. फुटला तर माती कोरडी आहे, बोटांतून निसटला तर जास्त ओली. दाबण्यासाठी खुंट्या असलेला रोलर उत्तम. त्याच्या चार ते सहा फेऱ्या झाल्या की थर बसतो. नंतर त्याचा पृष्ठभाग पुन्हा खरवडून दुसरा थर द्यायचा. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली फिरवूनही काही दाब मिळतो, पण थर पातळ ठेवावे लागतात.

अडचण उताराची आहे. एकास एक उतारावर रोलर चढत नाही आणि ओली माती खाली घसरते. मातीच्या अस्तरासाठी बाजू एकास तीन इतक्या पसरट लागतात. तीच तीस बाय तीसची जागा आणि तीच खोली ठेवली, तर तळ चोवीस मीटरऐवजी फक्त बारा मीटरचा राहतो आणि क्षमता २१९६ वरून १४०४ घनमीटरवर येते. एक तृतीयांशाहून जास्त साठवण उतारातच जाते. माती फुकट मिळाली, तरी ही किंमत मोजावी लागते. त्यामुळे जागा मोकळी आहे, पाणी मध्यम लागते आणि चांगली माती शेतातच आहे, अशा ठिकाणी हा मार्ग परवडतो.

दुसरी अडचण उन्हाळ्यात उघडी पडते. तळे आटले की काळी माती आकसते आणि तिला भेगा पडतात. पुढच्या पावसाचे पहिले पाणी त्याच भेगांतून खाली जाते. त्यावर उपाय म्हणजे अस्तरावर फूटभर मुरमाचे आच्छादन घालणे आणि तळाशी थोडे पाणी कायम राखणे. मार्चपर्यंत शेवटचा थेंब उपसणाऱ्या शेतकऱ्याला मातीचे अस्तर मानवत नाही.

जिथे एकेका घनमीटरची किंमत मोठी आहे, तिथे प्लॅस्टिकचा कागद लावतात. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीसारख्या गावात, जिथे कमी पावसातही द्राक्षबागा उभ्या आहेत, शेततळ्यांना असा कागद घातलेला दिसतो. राज्यातल्या योजनांमध्ये ५०० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे अर्धा मिलिमीटरचा, विणलेल्या एचडीपीईवर लेप असलेला कागद मागितला जातो. त्याचे भारतीय मानक IS 15351. मंचन कापडाच्या पातळ कागदात आणि यात मोठा फरक आहे, म्हणून कागदावरचा मानकाचा छाप आणि हमीपत्र घेऊनच माल उतरवावा.

आपल्या उदाहरणातल्या तळ्याला किती कागद लागेल? तळ २४ मीटर, दोन्ही बाजूंच्या उतारांची लांबी प्रत्येकी ४.२४ मीटर आणि काठावर गाडण्यासाठी दोन्हीकडे एकेक मीटर. बेरीज साधारण साडेचौतीस मीटर. तेवढ्या चौरसाचे क्षेत्रफळ सुमारे ११९० चौरस मीटर होते. त्याचे वजन पाच क्विंटलच्या आसपास जाते, त्यामुळे तो ओढत न नेता डझनभर माणसांनी उचलून पसरावा लागतो.

खरी मेहनत मात्र कागद येण्याआधीची आहे. मुरमातले टोकदार दगड, मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढायच्या. मग तळावर आणि उतारांवर चार-सहा इंच चाळलेली मऊ माती अंथरून ठोकून घ्यायची. एवढ्या पाण्याचा भार कागदाला खालच्या प्रत्येक दगडावर दाबतो, त्यामुळे राहून गेलेला एक दगड पुढे भोक पाडू शकतो. काठापासून थोड्या अंतरावर दीड-दोन फूट खोल चर खणून कागदाची कड त्यात सोडतात. कागद सकाळी लवकर पसरावा आणि थोडा सैल ठेवावा. भर उन्हात तो ताणून बसवला, तर थंडीत आकसतो आणि जोडावर ताण येतो. फूटभर पाणी भरून कागद जागेवर बसला की चर मातीने बुजवायचे.

कागदाला दोन गोष्टी सोसत नाहीत. पहिली म्हणजे खालून येणारे पाणी. पावसाळ्यात भूजल वर चढते अशा जागी रिकामा कागद फुग्यासारखा उचलला जातो, म्हणून अशा ठिकाणी तळे पावसाळ्यात रिकामे ठेवू नये. दुसरी म्हणजे ऊन. पाण्याच्या वर उघडी राहणारी काठाजवळची पट्टी सर्वात आधी कडक होते आणि तडकते. भिजलेला कागद निसरडा असल्याने आत पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. त्यामुळे चारी बाजूंना कुंपण आणि काठावरून पाण्यात सोडलेले गाठी मारलेले दोर हे कामाचा भाग मानले पाहिजेत.

पहिल्या हिवाळ्यात गज आणि बादलीची चाचणी पुन्हा करावी. दोन्हींचे आकडे जुळले, तर अस्तर धरले. गजावरची पातळी जास्त उतरत असेल, तर घाईने सगळा कागद उलगडू नये. कागदात भोक असेल, तर पाणी त्या भोकापर्यंत वेगाने उतरते आणि मग फक्त वाफेच्या वेगाने घटते. पातळी जिथे मंदावते, तिथे चारी बाजूंना खूण करावी आणि त्या रेषेच्या जरा वर कागद बोटांनी चाचपत जावे. भोक बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात सापडते. जागा कोरडी आणि स्वच्छ करून त्याच जातीच्या कागदाचे ठिगळ तापवून चिकटवले की काम होते.