सहा तासांचे पाणी किती?

चारीतून शेताला एकूण किती पाणी मिळाले, हे कोणतीही पट्टी थेट सांगत नाही. पट्टी दाखवते फक्त त्या क्षणीची पाण्याची उंची, आणि त्या उंचीवरून कळतो त्या क्षणीचा प्रवाह, म्हणजे दर सेकंदाला किती लिटर पाणी पुढे जात आहे ते. प्रवाह दिवसभर एकसारखा असता तर त्याला वेळेने गुणले की काम झाले असते. कालव्यावर तसे क्वचितच घडते. वरच्या अंगाला कोणी दार उघडतो, कोणी बंद करतो, मुख्य कालव्यातली पातळी वरखाली होते, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला त्या सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन उरेल ते पाणी मिळते. अशा बदलत्या प्रवाहाच्या तासातासाच्या नोंदींवरून एकूण पाणी काढण्याचा हिशेब शाळेच्या गणितात बसणारा आहे, मात्र तो नेमका कुठे चुकतो हे माहीत असावे लागते.

महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानुसार पाणीवापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून दिले जाते. संस्थेच्या आत मात्र अनेक ठिकाणी वाटप तासांवर चालते. ज्याची पाळी त्याला चारीचे सगळे पाणी, ठरलेले तास. तास मोजायला सोपे असतात, म्हणून ही रीत टिकून आहे. पण त्या तासांत प्रवाह पूर्ण होता हे तिच्यात गृहीत धरलेले असते, आणि तंटा तिथूनच सुरू होतो.

असाच एक तंटा समजा. रब्बीचे आवर्तन चालू आहे. लघुवितरिकेच्या शेपटाला एक चारी, आणि तिच्यावर एका शेतकऱ्याचा एक हेक्टर गहू. पाळी सकाळी सहा ते दुपारी बारा. संस्थेच्या वहीत नोंद झाली ती अशी : सहा तास, प्रवाह सेकंदाला ४२ लिटर, एकूण ९०७ घनमीटर. हिशेब म्हणून त्यात चूक नाही. सेकंदाला एक लिटर पाणी तासभर वाहिले की ३,६०० लिटर, म्हणजे ३.६ घनमीटर होते. ४२ गुणिले ६ गुणिले ३.६ केले की ९०७ येतातच. शेतकऱ्याचे म्हणणे एवढेच की सकाळी चारीत पाणी नव्हतेच म्हणण्यासारखे. रात्रपाळीवाल्यांची वरची दारे एकेक करून बंद होत गेली, तसे पाणी चढत गेले.

चारीच्या मुखाशी सिमेंटचा फ्ल्यूम होता. फ्ल्यूम म्हणजे पाटाचा मुद्दाम अरुंद आणि तळाशी उंच केलेला भाग. त्याच्या आधी, जरा वरच्या अंगाला, भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी असते. अरुंद गळ्यातून जाताना पाण्याला ठरावीक उंची गाठावीच लागते, त्यामुळे ती उंची वाचली की प्रवाह कळतो. या फ्ल्यूमचा गळा १५ सेंटिमीटर रुंद होता. शेतकऱ्याने दर तासाला पट्टी वाचून वहीत लिहिली होती. तक्त्यावरून प्रवाह काढल्यावर नोंदी अशा आल्या :

| वेळ | उंची (सेंमी) | प्रवाह (लिटर प्रतिसेकंद) |
|---|---|---|
| ६ | १० | ८ |
| ७ | १५ | १५ |
| ८ | २० | २३ |
| ९ | २५ | ३२ |
| १० | २८ | ३८ |
| ११ | ३० | ४२ |
| १२ | ३० | ४२ |

वहीतला ४२ चा आकडा खोटा नव्हता. तो अकरा वाजताचा होता. पाटकऱ्याची फेरी त्या सुमारास झाली असावी, आणि एका फेरीचा आकडा सहाही तासांना लागला.

आता नोंदी सात आहेत आणि तास सहा. सहा ते सात या तासात प्रवाह ८ वरून १५ वर गेला. मधल्या क्षणांची नोंद नाही. सगळ्यात कंजूष हिशेब असा की प्रत्येक तासाला त्याच्या सुरुवातीचा प्रवाह धरायचा : ८, १५, २३, ३२, ३८ आणि ४२. बेरीज १५८, गुणिले ३.६, म्हणजे ५६९ घनमीटर. सगळ्यात उदार हिशेबात प्रत्येक तासाला त्याच्या शेवटचा प्रवाह धरायचा : १५ पासून ४२ पर्यंत, बेरीज १९२, म्हणजे ६९१ घनमीटर. सकाळभर पाणी चढतच गेले असेल, मध्ये उतरले नसेल, तर खरा आकडा या दोहोंच्या बाहेर जाऊ शकत नाही.

तंटा खरे तर इथेच मिटतो. नेमके पाणी किती हे अजून ठरलेले नाही, पण उदारातला उदार हिशेबही ६९१ च्या वर जात नाही आणि वहीत ९०७ लिहिले आहेत. अचूक आकड्यावर वाद घालण्यापेक्षा अशा दोन कडा काढणे बैठकीत जास्त उपयोगी पडते, कारण त्यांत अंदाजाचा भाग नसतो.

संस्थेच्या नोंदीसाठी मात्र एक आकडा लागतोच. त्यासाठी प्रत्येक तासाच्या दोन टोकांची सरासरी धरतात, म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये प्रवाह सरळ रेषेत बदलला असे मानतात. आलेखावर प्रत्येक तासाची आकृती समलंब चौकोन होते, आणि अशा सहा चौकोनांचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण पाणी. करायला तर हे आणखी सोपे आहे : पहिली आणि शेवटची नोंद निम्मी घ्यायची, मधल्या पूर्ण घ्यायच्या. ४, १५, २३, ३२, ३८, ४२ आणि २१ यांची बेरीज १७५. त्याला ३.६ ने गुणले की ६३० घनमीटर. हेक्टरभर शेतात एक सेंटिमीटर पाणी उभे करायला १०० घनमीटर लागतात, तेव्हा हे ६.३ सेंटिमीटरचे पाणी झाले. (जुन्या लोकांचा क्युसेकचा हिशेबही इथे सोयीचा पडतो : एक क्युसेक पाणी तासभर वाहिले की १०२ घनमीटर, म्हणजे जवळपास हेक्टरी एक सेंटिमीटर किंवा एकरी एक इंच.)

दोन कडांमधले अंतर १२२ घनमीटर आहे. ते कुठून आले हे पाहण्यासारखे आहे. दोन्ही बेरजांत मधल्या नोंदी सारख्याच. फरक फक्त पहिल्या ८ चा आणि शेवटच्या ४२ चा. म्हणून अंतर म्हणजे शेवटचा प्रवाह वजा पहिला प्रवाह, गुणिले दोन नोंदींमधला वेळ. मधले आकडे काहीही असोत, अर्ध्या तासाने नोंद घेतली असती तर हे अंतर निम्मे, म्हणजे ६१ घनमीटर झाले असते. दर वेळी अर्ध्या तासाने धावण्याची मात्र गरज नाही. अकरा ते बारा पाणी स्थिर होते, तिथे जादा नोंदीने काही मिळाले नसते. पाणी चढत-उतरत असताना नोंदी दाट घ्याव्यात, स्थिर असताना विरळ चालतात. वेळा असमान असल्या तरी हिशेब तोच, फक्त प्रत्येक तुकड्याची सरासरी त्याच्या स्वतःच्या वेळेने गुणायची.

एक चूक हुशार माणसाकडूनही होते. सातदा तक्ता कशाला पाहायचा, उंचीचीच सरासरी काढू आणि तक्ता एकदाच पाहू, असे वाटते. याच नोंदींत उंचीची सरासरी २३ सेंटिमीटर येते. तिचा प्रवाह सुमारे २८ लिटर, आणि सहा तासांचे पाणी ६०७ घनमीटर. २३ घनमीटर हिशेबातच गळाले. कारण प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या दीड घाताने वाढतो. उंची १० वरून २० सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट झाली, तेव्हा प्रवाह ८ वरून २३, म्हणजे पावणेतीन पट झाला. त्यामुळे आधी उंचीचा प्रवाह करावा आणि मगच सरासरी. उलट क्रमाने केले तर आकडा नेहमी कमीच येतो, आणि पाणी जितके जास्त वरखाली झाले असेल तितका जास्त कमी येतो.

याच दीड घातामुळे पट्टी वाचण्यातली लहानशी चूकही मोठी होते. ३० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर चुकले तर प्रवाह पाच टक्क्यांनी चुकतो. १० सेंटिमीटरला तेवढेच चुकले तर पंधरा टक्क्यांनी. पट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या उंबऱ्याच्या पातळीशी जुळतो का, हे चारी कोरडी असताना लेव्हल-ट्यूब लावून पाहता येते. हे एकदा पाहिले नाही तर प्रत्येक नोंदीत तीच चूक त्याच दिशेने शिरते आणि कितीही सरासऱ्या काढल्या तरी जात नाही.

त्याहून फसवी गोष्ट फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला असते. चारीत गवत माजले, गाळ साचला किंवा कोणी आडवा बांध घातला की पाणी मागे तुंबते. पट्टीवरची उंची वाढते, प्रवाह मात्र वाढलेला नसतो. तक्ता तरीही जास्त पाणी दाखवतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. फ्ल्यूम नीट चालत असेल तेव्हा गळ्यातून पाणी वेगाने पातळ होऊन उतरते आणि पुढे उसळी घेते. ती उसळी दिसेनाशी झाली आणि वरचे-खालचे पाणी जवळपास एका पातळीत आले, तर त्या वेळची नोंद हिशेबात धरू नये.

तासाच्या नोंदींची खरी मर्यादा दोन नोंदींच्या मधल्या काळात आहे. समजा नऊ वाजून दहा मिनिटांनी वरच्या कोणी दार उघडले आणि दहाला दहा कमी असताना बंद केले. त्या चाळीस मिनिटांत प्रवाह ३५ ऐवजी २० लिटर राहिला, तर ३६ घनमीटर पाणी गेले. नऊची नोंद ३२, दहाची ३८. वहीवर त्याचा डागही नाही. इथे कडांचा नियमही कोसळतो, कारण पाणी सतत चढत होते हे गृहीतच राहत नाही. म्हणून नोंदवहीत पट्टीच्या आकड्याशेजारी वरच्या दारांची उघडझाप आणि तिची वेळ लिहिलेली असेल, तरच त्या कडांवर पूर्ण भरवसा ठेवता येतो.

शेवटी, ६३० घनमीटर हे चारीच्या मुखाशी मोजलेले पाणी आहे. शेताच्या बांधाशी दुसरा फ्ल्यूम लावून पाहिले आणि मुखाशी ४२ असताना तिथे ३४ लिटर भरले, तर कच्च्या चारीत सुमारे पाचवा हिस्सा मुरतो असे समजते. मग गव्हाला मिळाले ते साधारण ५०० घनमीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर. शिवाय चारी स्वतःही पाणी धरून ठेवते. चारशे मीटर लांबीच्या चारीत ४२ लिटरचा प्रवाह चालू असताना पन्नासेक घनमीटर पाणी वाटेतच असते, आणि मुखापासून शेतापर्यंत यायला त्याला वीसेक मिनिटे लागतात. बाराच्या ठोक्याला शेताचे दार बंद झाले तर ते पाणी पुढच्या पाळीवाल्याचे होते. उलट सकाळी चारी कोरडी मिळाली असेल तर ती भरण्याचा भार पहिल्याच पाळीवर पडतो. पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत यासाठी रीतसर तरतूद आहे : पाट भरायला लागणारा वेळ ‘भराई’ म्हणून त्या शेतकऱ्याच्या पाळीत वाढवून देतात, आणि मुख बंद झाल्यावरही पाटात उरलेले पाणी ज्या शेपटाच्या शेतकऱ्याला मिळत राहते, त्याच्या पाळीतून ‘झराई’चा वेळ कापून घेतात.