रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोप कशी मिळेल?

किन्हीराजाजवळच्या हायवेवर आमचे भाईजान रात्री दहा ते सकाळी सहा पंपावर असतात. घर दोन खोल्यांचं, वर टिनपत्रे, आत अम्मी, भाभी आणि चार लेकरं. सुरुवातीला ते सात वाजता झोपायचे आणि दहालाच चिडचिडत उठायचे. आम्ही लेकरांना रागवायचो. पण दोष एकट्या गोंगाटाचा नव्हता.

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी अंगाचं तापमान चढू लागतं, जाग येण्याची तयारी होते. त्यामुळे दिवसाची झोप मुळातच उथळ आणि तुटकी असते, त्यात पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की संपलंच. म्हणून आम्ही आधी खिडकीला जाड काळं कापड लावलं आणि फटी बुजवल्या. हात समोर धरला तर दिसू नये, इतका अंधार हवा. पंपावरचा शेवटचा चहाही दोनच्या आतच. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

मग आवाज. एकसारख्या आवाजाची सवय होते, झोप मोडते ती अचानक आवाजाने: कुकरची शिटी, मोबाईलची रिंग, गल्लीतल्या भंगारवाल्याचा भोंगा. उन्हाळ्यात कुलरची घरघर हे आवाज बऱ्यापैकी झाकते, थंडीत आम्ही पंखा भिंतीकडे तोंड करून लावतो. कानात साधा कापूस घालून फार फरक पडत नाही. मेडिकलमधले फोमचे बोळे बोटांनी दाबून, बारीक करून आत घालायचे, ते कानात फुगून बसतात. भाभी आता वरण सातच्या आत शिजवतात, मिक्सर दुपारनंतर लावतात. भाईजानचा फोन अम्मींकडे असतो. खरी भानगड पाहुण्यांची. "झोपलेत" म्हटलं की लोक म्हणतात, "दिवसा?"

एका दमात आठ तास झोप होत नाही, हे आम्ही मान्य केलं. थंडीत फजर घरी येऊन होते. उन्हाळ्यात सूर्य पावणेसहालाच उगवतो, तेव्हा ड्युटीवरच. सात ते साडेबारा पहिली झोप. उठून जुहर, जेवण. मग अडीच ते चार कैलुला. मिळून सात तास होतात. सुट्टीच्या दिवशीही सकाळचे तीन-चार तास ते झोपतातच, नाहीतर पुढच्या रात्री पुन्हा सगळं बिघडतं.

पाच तासांनी आपोआप जाग आली तर तो आजार नाही. पण मोटारसायकलवर घरी येताना मागचा अर्धा किलोमीटर आठवतच नसेल, तर झोप कमी पडतेय. अशा दिवशी पंपावरच वीस मिनिटं पडावं, पाच मिनिटं तोंड धुऊन थांबावं, मगच गाडी काढावी. मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर मात्र घरच्या उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं.