आजीचा तळहात आणि उन्हाळ्यातलं शेत

उपमा आणि रूपक शाळेत आपण बहुतेक एकाच खुणेवरून ओळखायला शिकलो. 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' असा शब्द दिसला की उपमा, नाही दिसला की रूपक. परीक्षेपुरती ही खूण चालते. कविता वाचताना मात्र ती अपुरी पडते. एकच कल्पना दोन्ही प्रकारे लिहून बघू.

उपमा : आजीचा तळहात उन्हाळ्यातल्या शेतासारखा भेगाळलेला आहे.

रूपक : आजीचा तळहात म्हणजे उन्हाळ्यातलं शेत.

दोन्हींत तळहात हे उपमेय आणि शेत हे उपमान. पहिल्या वाक्यात दोघं शेजारी उभे आहेत, पण वेगळे आहेत. ते कशात सारखे आहेत हेही कवीनं सांगून टाकलं आहे : भेगांमध्ये. या सारखेपणाला साधारण धर्म म्हणतात. वाचकाला भेगा लख्ख दिसतात आणि त्याची नजर तिथेच थांबते. उपमेचं बळ या नेमकेपणात आहे.

दुसऱ्या वाक्यात 'सारखा' गेला, 'भेगाळलेला'ही गेला. आता तळहात शेतच झाला. साम्य कशात हे सांगायला कवी थांबलेला नाही, त्यामुळे वाचक स्वतः शोधू लागतो. भेगा तर आहेतच, पण शेत म्हटलं की पेरणी आली, पावसाची वाट पाहणं आलं, पिकलेलं दुसऱ्यांच्या ताटात जाणंही आलं. पुढच्या ओळीत 'यातच पिकलं आमचं बालपण' असं लिहिलं तर ते सहज पटतं, कारण शेत आधीच मांडलेलं आहे. उपमेनंतर हीच ओळ आली असती, तर जरा उडी मारल्यासारखी वाटली असती.

रूपकाची जबाबदारीही इथूनच सुरू होते. तळहाताला एकदा शेत म्हटलं आणि पुढच्याच ओळीत विनाकारण त्याची नदी केली, तर दोन्ही चित्रं पुसली जातात. नवोदितांच्या कवितेत हा दोष फार आढळतो.

आता शाळेतल्या त्या खुणेकडे पुन्हा येऊ. 'माझा सदरा तुझ्या सदऱ्यासारखा आहे' यात 'सारखा' आहे, पण उपमा अलंकार नाही. दोन सदऱ्यांच्या तुलनेत चमत्कृती कुठली? 'तळहात म्हणजे हाताचा आतला भाग' यात 'म्हणजे' असूनही रूपक नाही, ती नुसती व्याख्या आहे. 'मुखकमल' या शब्दात तर यांपैकी कुठलाच शब्द नाही. तिथे क्रियापदाकडे बघावं लागतं. मुखकमल 'उमललं' म्हटलं तर उमलणं कमळाचं, म्हणून रूपक. 'हसलं' म्हटलं तर हसणं मुखाचं, म्हणून कमळासारखं मुख, अर्थात उपमा. संस्कृत काव्यशास्त्रानं इतक्या बारकाईनं हा भेद पाहिला आहे.

तेव्हा पुढची कविता वाचताना 'सारखा' शोधू नका. दोन वस्तू अजून दोनच आहेत की एक झाल्या, एवढं बघा.