साडेनऊचे साडेदहा

प्रिय चिऊ,

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे गेली. तुमचा ऑनलाइन अभ्यास तुझ्याकडे संध्याकाळी सहालाच राहिला. इथे मात्र रात्री साडेनऊचे साडेदहा झाले. तुझ्या वर्गमित्राने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, हे तूच सांगितलंस. तू अडलीस की तो लगेच उत्तर सांगत नाही. 'कुठल्या पायरीपर्यंत पटलं?' एवढं विचारतो आणि थांबतो. मागच्या आठवड्यात अर्धं राहिलेलं गणित आधी काढतो. खरं लक्ष असंच असतं गं, आठवण ठेवणारं आणि घाई न करणारं. ते प्रेमच आहे, असं मी म्हणत नाही. 'आज नको' म्हटल्यावर तो रुसत नाही ना, एवढं मात्र पाहा.

तुझी आई